जेट्टीवरचा भाव

दुर्गाला सुनेत्राचं काम कधी नीट कळलं नाही. डिलाईल रोडच्या चाळीत दोघींची दारं एकाच गॅलरीत, मध्ये फक्त एक खोली. दुर्गा परळच्या एका इस्पितळात आया होती. सुनेत्रा परब पूर्वी विमा कंपनीत आकडेमोड करायची आणि आता जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या टॉवरात जायची. चालत जाण्याइतकं ते जवळ होतं, म्हणून तिनं ती नोकरी धरली होती.

"गो वयनी, तू थंय करतंस तरी काय?" दुर्गानं एकदा गॅलरीत कपडे वाळत घालताना विचारलं होतं.

"भाव लावते."

"कसलो? पापलेटांचो?"

"खेळाचे. तुझा प्रफुल्ल कॉम्प्युटरवर खेळतो ना, तसल्या सामन्यांचे. बाहेरच्या देशांत लोक त्यावर पैसे लावतात. तिकडच्या कंपन्यांना आम्ही भाव पुरवतो."

दुर्गानं तोंडाला पदर लावला. "म्हणजे मटकोच की गो!"

"मटका नशिबावर चालायचा. हे हिशेबावर चालतं."

"मटकेवालो पण ह्याच सांगायचो," दुर्गा म्हणाली, आणि दोघी हसल्या.

प्रफुल्ल दुर्गाचा एकुलता एक. बारावीनंतर तो खालच्या गल्लीतल्या गेमिंग कॅफेत जाऊन बसायचा आणि दुर्गा त्याला चपलेनं हाणायची. मग एका स्पर्धेत तो जिंकला, दुसऱ्या स्पर्धेत त्याला कुणी पाहिलं, आणि बघता बघता तो 'भोंगा' नावाच्या संघाचा कप्तान झाला. पाच पोरांचा संघ, त्यांना पगार, त्यांच्या छातीवर एका चहाच्या कंपनीचं नाव. दुर्गानं चपला खाली ठेवल्या आणि इस्पितळात नर्सांना मोबाईलवर मुलाचा खेळ दाखवायला सुरुवात केली. कोण कुणाला मारतंय हे तिला ओ की ठो कळायचं नाही. कोपऱ्यातल्या चौकोनात मुलाचा चेहरा दिसला की तिला पुरायचं.

प्रफुल्ल संघात गेला त्या दिवशीच सुनेत्रानं ऑफिसात कळवून टाकलं होतं की हा मुलगा माझ्या शेजारचा आहे, माझ्या हातचं खाऊन मोठा झालाय. कंपनीचा नियमच तसा होता. ज्याला आपण ओळखतो त्याच्या सामन्याचा भाव आपण लावायचा नाही, त्याबद्दल कुणाशी बोलायचं नाही, सूचनासुद्धा करायची नाही. 'भोंगा'चा सामना असला की सुनेत्राच्या पडद्यावर त्या जागी करडी पट्टी यायची. ते सामने हितेंद्रकडे जात. हितेंद्र तिच्या हाताखाली शिकलेला, मेहनती, मालाडहून यायचा.

हे भाव कसे लागतात ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

या खेळात पाच जण विरुद्ध पाच जण. एक फेरी म्हणजे दीड-दोन मिनिटांची चकमक. जो आधी तेरा फेऱ्या जिंकेल त्याचा मॅप. बारा-बारा झाले तर जादा फेऱ्या. मॅप म्हणजे खेळण्याची जागा. कधी बाजार, कधी बंदर, कधी धान्याचं कोठार. असे सात मॅप चालू असतात आणि सामना तीन मॅपचा, दोन जिंकले की संपला. कुठले तीन ते दोन्ही कप्तान ठरवतात. आधी दोघं एकेक मॅप काटतात, मग दोघं आपल्या आवडीचा एकेक उचलतात, मग पुन्हा एकेक काटतात, आणि उरला तो शेवटचा.

सुनेत्राचं काम फेरीपासून सुरू व्हायचं. एखादा संघ एखाद्या मॅपवर हल्ला करताना शंभरातल्या किती फेऱ्या जिंकतो, बचाव करताना किती, समोरचा किती, यातून एका फेरीची शक्यता निघते. त्या शक्यतेवरून पूर्ण मॅपची. आणि इथेच गंमत आहे. शंभर फेऱ्यांत त्रेपन्न म्हणजे बरोबरीहून थोडं वर, पण तेरापर्यंत पोचायच्या शर्यतीत तो थोडासा वरचढपणा साठत जातो आणि मॅप जिंकायची शक्यता बासष्टपर्यंत जाते. पंचावन्न असेल तर सत्तर. उलट बेचाळीस असेल तर वीस. फेरीतली बारीक चूक मॅपमध्ये मोठी होते, आणि दोन-शून्य की दोन-एक असा मालिकेचा भाव लावायला तीन मॅपांच्या शक्यता एकमेकींशी गुणल्या की आणखी मोठी. सुनेत्रा नव्या पोरांना सांगायची, "हे दुधाच्या पातेल्यासारखं आहे. तळाला थोडं लागलं, की सगळ्याला वास."

आणि एक नियम होता, तिनंच लिहिलेला, ऑफिस नवीन होतं तेव्हाचा. एखाद्या मॅपवर संघाचा पुरेसा खेळच झालेला नसेल तर तिथे काय भरायचं? तेव्हा हाताशी काही नव्हतं. तिनं लिहिलं होतं, संघाची सगळ्या मॅपांवरची सरासरी भरा. पुढे नीट बघू. पुढे कुणी बघितलं नाही. कामं येत गेली, संघ वाढत गेले, आणि तात्पुरता खुंटा होता तो खांब झाला.

त्या सामन्याच्या दिवशी दुपारी सुनेत्रा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडून बसली होती. फोनवर सामना लावला होता. पाहायला बंदी नव्हती. जगानं पाहावं तसं तिनंही पाहावं, एवढी मुभा होती. समोर चेन्नईचा संघ. हा सामना जिंकला तर 'भोंगा' परदेशातल्या मुख्य स्पर्धेला जाणार आणि हरला तर पुढच्या महिन्यात आणखी एक संधी. पडद्यावर प्रफुल्ल दिसला, कानावर हेडफोन, कपाळावर आईनं लावलेला अंगारा.

मॅप काटायला सुरुवात झाली. प्रफुल्ल दरवेळी पहिल्यांदा 'जेट्टी' काटायचा, बंदराचा मॅप. त्याचं आणि जेट्टीचं कधी जमलंच नव्हतं. वर्षभरात त्यांनी तो मॅप एकदाही खेळला नव्हता. पण खेळ बनवणाऱ्या कंपनीनं नुकताच एक जुना मॅप काढून त्या जागी 'सायलो' नावाचा नवा टाकला होता, आणि चेन्नईची पोरं सायलोवर कुणाला उभं राहू देत नव्हती. इकडे आड, तिकडे विहीर. प्रफुल्लनं सायलो काटला. मग स्वतःचा आवडता 'बाजार' उचलला. चेन्नईनं ताबडतोब जेट्टी उचलली.

सुनेत्राचा घास हातातच राहिला.

कॅन्टीनच्या काचेतून भिंतीवरचा मोठा फळा दिसायचा. मॅप ठरले की भाव आपोआप तिथे येत. बाजार, 'भोंगा' सत्तर टक्के. बरोबर होतं. खाली जेट्टी. 'भोंगा' बासष्ट.

तिला एका क्षणात कळलं काय झालंय. जेट्टीची जागा रिकामी होती, आणि रिकाम्या जागेत तिच्याच नियमानं सरासरी भरली होती. त्या सरासरीत सगळे आवडीचे मॅप होते. जो मॅप ते मरणासारखा टाळत होते, तिथे यंत्र म्हणत होतं की हे जिंकणार.

काचेपलीकडे हितेंद्र आपल्या टेबलापाशी बसला होता. त्याच्या पडद्यावर पिवळी खूण आली असणार, 'कमी नमुना, सरासरी भरली'. ती खूण दिवसातून कितीदा यायची, सगळे हो म्हणून पुढे जायचे. सुनेत्रा अर्धवट उठली. नुसतं जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला असता तरी पुरलं असतं. पण मग पुढे कुणी विचारलं असतं की सामन्याआधी प्रफुल्लची शेजारीण उठून गेली आणि भाव बदलला, का? नियम तिला तोंडपाठ होता. नव्या पोरांना तीच शिकवायची.

ती खाली बसली. डब्याचं झाकण लावलं.

बाजार 'भोंगा'नं जिंकला. मग जेट्टी. त्या आधीच फळ्यावरचे आकडे हलायला लागले होते. जाणकार लोक जगभर बसलेले असतात, त्यांनी वर्षाचे सामने पाहिलेले असतात. 'भोंगा' बासष्ट म्हणजे चेन्नई अडतीस, म्हणून जेट्टीवर चेन्नईचा भाव अडीच होता, म्हणजे एक रुपया लावून जिंकलात तर अडीच हातात. हिशेबानं तो सव्वाच्याही खाली असायला हवा होता. हे म्हणजे दादरच्या बाजारात कुणी हापूस गावठी आंब्याच्या भावात मांडून ठेवावा तसं झालं. लोकांनी पोती भरली. यंत्रानं भाव खाली आणला, तरी पैसा येत राहिला. पुन्हा खाली आणला, तरी येत राहिला.

जेट्टीवर 'भोंगा' तेरा-तीननं हरले. शेवटचा मॅप ते लढून हरले. प्रफुल्लनं हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि समोरच्यांशी हात मिळवायला गेला. दुर्गा त्या वेळी इस्पितळात कुणाची तरी चादर बदलत असेल.

हरणं काही मोठं नव्हतं. पुढच्या महिन्याची संधी होती. सुनेत्रा घरी गेली, प्रफुल्लला गॅलरीत भेटली. "जेट्टीवर पार कचरा झाला काकी," तो म्हणाला. "पण आता महिनाभर जेट्टीच घासतो. आईशप्पथ."

तो महिना त्याला मिळाला नाही.

दुर्गा एका सकाळी दारात उभी राहिली. हातात फोन, चेहरा उतरलेला. "वयनी, ह्या काय इलाहा बघ गो. माका काय एक कळना नाय. प्रफुल्ल बोलना नाय. काल धरून उशीत तोंड खुपसून पडलोहा."

स्पर्धेच्या शिस्त समितीची मेल होती. चेन्नईविरुद्धच्या सामन्यात दुसऱ्या मॅपवर संशयास्पद पैसा लागल्याचा अहवाल आला आहे. मॅप काटण्याचा निर्णय कप्तानाचा होता. चौकशी होईपर्यंत प्रफुल्ल नाईक यांना खेळता येणार नाही.

"म्हणजे काय केल्यान त्याणी?" दुर्गानं विचारलं.

"काही नाही केलं."

"मगे?"

सुनेत्रानं मेल पुन्हा वाचली. अहवाल कुठून आला असणार ते तिला माहीत होतं. तिच्याच मजल्यावर, पलीकडच्या काचेच्या खोलीत, लक्ष ठेवणारी एक तुकडी बसायची. आमच्या भावाच्या विरुद्ध एका बाजूनं पैसा आला, भाव उतरवूनही येत राहिला आणि निकाल पैशाच्याच बाजूनं लागला, तर अहवाल निघायचा आणि करारानुसार थेट स्पर्धेकडे जायचा. त्या अहवालात सगळं खरं लिहिलेलं असायचं. फक्त एक गोष्ट कुणी लिहीत नव्हतं, की मुळात भावच चुकलेला असू शकतो.

"मी बघते," ती म्हणाली. "मी बघते हं दुर्गा."

"तुझ्याच हापिसातला असात तर तू सांगशीत ना गो त्येंका? आमचो पोरगो तसो नाय म्हणून?"

"सांगते."

हर्षवर्धन हा तिचा वरचा साहेब. शिवाजी पार्कचा, वडील निवृत्त प्राध्यापक, स्वतः परदेशात शिकून आलेला. माणूस वाईट नव्हता. सुनेत्रा केबिनमध्ये गेली आणि उभ्याउभ्याच बोलली.

"सर, जेट्टीचा भाव चुकला होता. संशय नाही, चूक. माझा नियम चुकलाय."

"सुनेत्रा, हा सामना तुमच्या ओळखीच्यांच्या यादीतला आहे. तुम्ही यावर बोलू नये."

"मी सामन्यावर बोलत नाही. नियमावर बोलते. नियम माझा आहे."

हर्षवर्धननं तिला बसायला सांगितलं.

"तुमच्या घरी पंगत बसते असं समजा," ती म्हणाली. "एक माणूस दरवेळी येतो. सगळं खातो, पण कारलं वाढायला गेलं की ताटावर हात आडवा धरतो. वर्षभर. मग कुणी विचारलं, याला कारलं किती आवडतं? तर आपण काय म्हणतो? आमच्याकडे माहिती नाही, बाकी पदार्थ आवडीनं खातो, तेव्हा कारलंही आवडत असेल. हेच करतो आपण. संघ एखादा मॅप दरवेळी काटतो आणि आपण तिथे सरासरी भरतो. सर, तो हात आडवा धरणं हीच तर माहिती आहे!"

हर्षवर्धन हसला नाही. त्याला पटलं होतं हे दिसत होतं.

"किती असायला हवं होतं?"

"असे संघ जेव्हा नाइलाजानं टाळलेला मॅप खेळलेत, ते सगळे काढले मी, 'भोंगा' सोडून. शंभर फेऱ्यांत बेचाळीसच्या आसपास जिंकतात. म्हणजे मॅप पाचात एकदा. आपण बासष्ट म्हणत होतो. दोन-शून्यचा भाव बघा. आपण सत्तर गुणिले बासष्ट केलं, त्रेचाळीस टक्के आले. खरे चौदा होते. एवढी चूक पाहिली तर पैसा येणारच. तो पैसा चोराचा नव्हता, जाणकाराचा होता."

त्यानं आकडे वहीत उतरवून घेतले. मग म्हणाला, "नियम बदलू. आजच बदलू. तुमचं बरोबर आहे."

"आणि अहवाल?"

"अहवालात चूक काय आहे?"

"सर?"

"अहवाल म्हणतो की आमच्या भावाशी न जुळणारा पैसा आला. आला ना? निकाल त्या बाजूनं लागला. लागला ना? त्यात कुणी चोर आहे असं आपण म्हटलेलंच नाही. ते समिती ठरवेल."

"मग समितीला सांगा की भाव चुकला होता."

हर्षवर्धननं दाराकडे पाहिलं. "लेखी? आमचा भाव चुकला होता असं एकदा लेखी गेलं की ज्या कंपन्यांनी त्या भावावर पैसे दिले त्या उद्या दारात उभ्या राहतील. मी वकिलांना विचारतो. पण मला माहितेय ते काय म्हणणार आहेत." मग तो हळूच म्हणाला, "आणि तुमचं नाव तर त्यात कुठेच येता कामा नये. तुम्ही शेजारी. तुमच्या सहीनं हे गेलं तर त्या मुलाचंच नुकसान होईल. लोक म्हणतील, घरच्यांनी हिशेब करून दिला."

वकील तेच म्हणाले.

हितेंद्रला कंपनीच्या अंतर्गत चौकशीत विचारलं गेलं. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता. कॉफीच्या यंत्रापाशी तो सुनेत्राजवळ येऊन उभा राहिला, पण तिच्याकडे न बघता बोलला.

"ताई, मी काय सांगणार? विचारलं, पद्धतीप्रमाणे केलं का? मी म्हटलं हो. पिवळी खूण आली होती का? हो. मग काय केलं? नियमात लिहिलंय तेच केलं."

"खरं तेच सांगितलंस."

"हो ना. तेच तर." त्याचा कागदी कप भरून वाहायला लागला होता. "मी खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं असं वाटायला लागलंय, ताई."

सुनेत्रानं यंत्राचं बटण बंद केलं.

मग तिनं जे करायचं नव्हतं तेही केलं. समितीला स्वतः लिहिलं, कंपनीचे आकडे न देता, फक्त एवढंच, की ज्या मॅपवर संघाचा खेळ झालेला नसतो तिथले भाव भरवशाचे नसतात आणि भावाला पुरावा समजू नका. समितीनं तिला व्हिडिओवर बोलावलं. समितीतल्या बाई सौम्य होत्या, चष्मा वर करून कागद पाहत होत्या.

"तुम्ही श्री. नाईक यांना कधीपासून ओळखता?"

"जन्मापासून."

"तुमच्या कंपनीनं तुम्हाला या संघाच्या कामातून दूर ठेवलं आहे?"

"हो. मीच सांगितलं होतं तसं करायला."

"ते योग्यच केलंत," बाई म्हणाल्या, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. "पण म्हणूनच तुमचं म्हणणं आम्ही पुराव्यात घेऊ शकत नाही. हेच तुमच्या कंपनीनं लिहून दिलं तर ताबडतोब घेऊ."

"ते देणार नाहीत."

"मग आमच्यापुढे भाव आहे, पैसा आहे आणि निकाल आहे. आम्ही तरी काय करावं?"

टोमणा नव्हता तो. बाई खरंच विचारत होत्या.

त्या संध्याकाळी प्रफुल्ल गॅलरीच्या कठड्याला टेकून उभा होता. खाली रस्त्यावर गणपतीच्या मंडळाची मुलं मांडवाचे बांबू उतरवत होती आणि आरडाओरडा करत होती. सुनेत्रा पाणी भरून आली. तिच्या हातातली कळशी त्यानं घेतली, आत नेऊन ठेवली आणि परत येऊन उभा राहिला.

"काकी, एक विचारू? नाही सांगायचं तर नका सांगू."

"विचार."

"त्यांनी मला विचारलं, जेट्टी नेहमी काटतोस, याच वेळी का सोडली? मी सांगितलं, सायलो आला म्हणून. पहिली काट एकच असते, दोन नसतात. बरं म्हणाले. मग म्हणाले, जेट्टीवर एवढं वाईट कसं खेळलात? मी म्हटलं, सर, आम्हाला येतच नाही तो मॅप. सगळ्या दुनियेला माहितेय. तर म्हणाले, भाव तर सांगतोय की तुम्ही तिथे चांगले आहात." तो तिच्याकडे वळला. "किती लावला होता आमचा भाव?"

सुनेत्रानं इकडेतिकडे पाहिलं. सांगायचं नव्हतं. पण सामन्याच्या दिवशी तो जगानं पाहिला होता.

"बासष्ट."

"जेट्टीवर?" प्रफुल्लला हसू आलं. खरं हसू, पोट धरून. "बासष्ट! काकी, जेट्टीवर माझी आईसुद्धा माझ्यावर बासष्ट लावणार नाही!"

आतून दुर्गाचा आवाज आला, "काय झाला रे?"

"काय नाय गो आई. काकी ज्योक मारतंत."

मग हसू विरलं. तो खाली बांबूंकडे बघत राहिला. "म्हणजे मी तिथे चांगला आहे असं कुणीतरी चुकून लिहिलं," तो म्हणाला, "आणि मी तेवढा चांगला नाही म्हणून मी चोर. बरोबर ना?"

"प्रफुल्ल..."

"नाही, मला फक्त समजून घ्यायचंय."

सुनेत्राला वाटलं सांगावं, तो नियम मी लिहिला, तो कुणीतरी मीच. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण सांगून त्याच्या हातात काय पडलं असतं? तो समितीला सांगणार, समिती म्हणणार, शेजारणीनं शिकवलं. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला तो हातही खोटा वाटला.

पुढच्या महिन्याच्या सामन्यासाठी संघानं नावं द्यायची तारीख आली. चौकशी चालूच होती. 'भोंगा'च्या मालकानं प्रफुल्लला घरी येऊन सांगितलं, तुझ्यावर आमचा विश्वास आहे, पण जागा रिकामी ठेवता येत नाही. दुर्गानं त्याला चहा दिला. बावीस वर्षांचा मुलगा या खेळात तरुण समजला जात नाही, सतरा-अठराची पोरं रांगेत असतात. गुलबर्ग्याचा एक पोरगा त्याच्या जागी आला. पुढे समितीनं प्रफुल्लला दोषी ठरवलं नाही आणि निर्दोषही ठरवलं नाही. पुराव्याअभावी प्रकरण बंद, असं एका ओळीत आलं. ती ओळ घेऊन तो दोन-तीन संघांकडे गेला. सगळे गोड बोलले. आता तो करी रोडच्या एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. दुर्गा इस्पितळात कुणाला मोबाईल दाखवत नाही, आणि गॅलरीत सुनेत्रा दिसली की विचारते, "जेवलंस गो?" बस, तेवढंच. ऑफिसचं पुन्हा कधी तिनं विचारलं नाही.

एका सकाळी सुनेत्रानं कॉम्प्युटर लावला तर करडी पट्टी नव्हती. यादीतून 'भोंगा' गेलं होतं. तिच्या ओळखीचं त्या संघात आता कुणी उरलं नव्हतं. नियमानं बरोबर होतं. आणि त्या दुपारचा 'भोंगा'चा सामना तिच्याच नावावर लागला होता.

मॅप काटले गेले. नव्या कप्तानानंही सायलो काटला, दुसरा इलाज नव्हता. समोरच्यांनी जेट्टी उचलली. आता सुधारलेला नियम होता. जो संघ मॅप नेहमी काटतो त्याचा तिथला आकडा सरासरीच्या बराच खाली धरायचा. नियमाखाली बदल सुचवणाऱ्याचं नाव होतं, सुनेत्रा परब. हर्षवर्धननं आग्रहानं घातलं होतं, वार्षिक बढतीला उपयोगी पडेल म्हणून. पिवळी खूण आली. तिनं उघडून पाहिली. एकेक आकडा तपासला. हल्ला, बचाव, समोरच्यांचा हल्ला, समोरच्यांचा बचाव. जेट्टी, 'भोंगा' एकवीस टक्के.

कुठेही खोट नव्हती. तिनं भाव सोडला.

फळ्यावर आकडे उमटले आणि जागेवर शांत राहिले. दोन्हीकडून थोडाथोडा पैसा आला, जसा यायला हवा. पलीकडच्या काचेच्या खोलीतल्या मुली हसत होत्या, कुणाचा तरी वाढदिवस होता. 'भोंगा'ची पोरं जेट्टीवर तेरा-दोननं हरली. प्रफुल्लच्या वेळेपेक्षा एका फेरीनं वाईट.

हितेंद्र केकची बशी घेऊन आला आणि तिच्या टेबलावर ठेवून तिच्या पडद्याकडे पाहत उभा राहिला. कुणालाही कसलाच संशय आला नाही.